दोन स्लिटच्या सूत्राची सिद्धता: θ लहान धरताना होणाऱ्या चुका टाळा

फ्रिंजची रुंदी β = λD/d, हे बारावीच्या मुलांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. यात λ ही प्रकाशाची तरंगलांबी, d दोन स्लिटमधलं अंतर आणि D स्लिटपासून पडद्यापर्यंतचं अंतर; θ हा फ्रिंजच्या दिशेचा मध्यरेषेशी होणारा कोन. सिद्धता लिहायला सांगितली, की मधल्या एका ओळीवर मात्र बहुतेकांची गाडी घसरते. ती ओळ अशी: ‘D हे d पेक्षा खूप मोठं आहे, म्हणून θ लहान आहे, म्हणून sinθ ≈ tanθ.’ वर्षानुवर्षं नोट्समधून नोट्समध्ये उतरत आलेली ही ओळ चुकीची आहे. सूत्र शेवटी बरोबर येतं, म्हणून तिला कुणी हात लावत नाही.

चूक पहिली: पडदा लांब ठेवला की कोन लहान होतो, असं समजणं

या सिद्धतेत दोन वेगळी अंदाजीकरणं आहेत आणि दोघांच्या अटी वेगळ्या आहेत. D ≫ d असलं, की दोन्ही स्लिटमधून, पडद्याच्या मध्यापासून y अंतरावरच्या P बिंदूकडे जाणारे किरण जवळजवळ समांतर होतात आणि पथांतर d sinθ एवढं येतं. D मोठं असण्याचं काम इथे संपलं. यानंतर sinθ च्या जागी tanθ, म्हणजे y/D, लिहायचं असेल तर θ लहान हवा. तो किती आहे, हे कोण ठरवतं? m व्या तेजस्वी फ्रिंजसाठी sinθ = mλ/d. यात D कुठेच नाही. पडदा पाचपट लांब नेला, तर y सुद्धा पाचपट होतं आणि θ जागचा हलत नाही. कोन लहान असतो तो λ/d लहान असल्यामुळे.

आकडे घालून बघा. हेलियम-निऑन लेसर, λ = ६३२.८ नॅनोमीटर, d = ०.२५ मिमी, D = २ मीटर. β येते ५.०६ मिमी. दहावी फ्रिंज मध्यापासून ५.०६ सेंमीवर, म्हणजे y/D = ०.०२५३. इथे tanθ आणि sinθ मधला फरक ०.०३ टक्के आहे. मीटरपट्टीने D मोजताना याहून मोठी चूक सहज होते, त्यामुळे इथे tanθ लिहून खुशाल पुढे जावं.

आता प्रयोगशाळेत हमखास दिसणारा प्रकार. त्याच लेसरसमोर मिलिमीटरला ६०० रेषांचं ग्रेटिंग ठेवलं जातं. ग्रेटिंगलाही d sinθ = mλ हेच लागू होतं, म्हणून मुलं निर्धास्तपणे λ = yd/(mD) वापरतात. d = १.६६७ मायक्रोमीटर, D = १ मीटर, पहिला ठिपका ४१.० सेंमीवर. उत्तर येतं ६८४ नॅनोमीटर. आठ टक्के जास्त! मग ठरलेला गोंधळ सुरू होतो. आधी लेसरवर संशय, मग ग्रेटिंगवरच्या छापील आकड्यावर. शेवटी कुणीतरी म्हणतं, ‘D कमी पडतंय, पडदा मागे घ्या.’ टेबल सरकवलं जातं, खोलीच्या टोकापर्यंत पडदा नेला जातो, पुन्हा मोजमाप होतं आणि उत्तर पुन्हा ६८४. ते तसंच येणार, कारण चूक tanθ/sinθ एवढी आहे आणि २२.३ अंशांचा कोन पडदा हलवून बदलत नाही. sinθ = y/√(D² + y²) वापरलं, की त्याच मोजमापातून ६३३ मिळतात.

दुसऱ्या ठिपक्यावर तर सूत्राची लाजच निघते. तो ११६.७ सेंमीवर पडतो आणि सोप्या सूत्राने λ येते ९७२ नॅनोमीटर, म्हणजे अवरक्त. लाल ठिपका डोळ्यांसमोर असताना वहीत ९७२ लिहून पुढे जाणारे असतात, त्यांना काय म्हणावं! शिवाय हेच सूत्र तिसरा ठिपका १.१४ मीटरवर पडेल असं सांगतं. प्रत्यक्षात तिथे sinθ = १.१४ हवा, म्हणजे तिसरा ठिपका नाहीच.

चूक नेमकी कुठली, हे ओळखायला प्रत्येक m साठी λ वेगळी काढावी. सरासरी घेऊन मोकळं होण्याची घाई इथे नडते. λ प्रत्येक वेळी सारखीच चुकत असेल, तर d किंवा D चुकीचं मोजलंय. m बरोबर λ वाढत जात असेल, तर θ लहान नाही. tanθ नेहमीच sinθ पेक्षा मोठा, त्यामुळे ही चूक λ कधीच कमी दाखवत नाही. माझी सवय अशी: y/D एक दशांशाच्या वर गेलं, की वर्गमूळ घ्यायचं. तिथे फरक अर्धा टक्का असतो. कॅल्क्युलेटरवर दोन बटणं जास्त दाबावी लागतात, एवढंच.

चूक दुसरी: वजाबाकीच्या आधीच S₁P ≈ D लिहिणं

S₁ हा P च्या जवळचा स्लिट धरू. पायथागोरसने

(S₂P)² − (S₁P)² = (y + d/2)² − (y − d/2)² = 2yd

इथपर्यंत कुठलंही अंदाजीकरण नाही. डावीकडचे अवयव पाडले की (S₂P − S₁P)(S₂P + S₁P) = 2yd. आता बेरजेच्या कंसात 2D लिहिलं की पथांतर yd/D मिळतं. चौकस विद्यार्थी विचारतो, ‘बेरजेत दोन्ही D धरले, मग वजाबाकीत का नाही? तिथे तर शून्य येईल.’ प्रश्न रास्त आहे आणि ‘तसं करायचं नसतं’ हे त्याचं उत्तर नव्हे.

वरच्याच दहाव्या फ्रिंजवर S₁P हे D पेक्षा साधारण y²/2D, म्हणजे ०.६४ मिमीने जास्त आहे. पथांतर आहे फक्त ६.३ मायक्रोमीटर. म्हणजे D लिहिताना आपण पथांतराच्या शंभरपट लांबी फेकून देतो! बेरजेत ते चालतं, कारण ४ मीटरमध्ये १.२८ मिमी म्हणजे ०.०३ टक्के. वजाबाकीत ही जादा लांबी दोन्ही मार्गांत जवळजवळ सारखी असल्याने आपोआप कटते आणि उरतो तो बारीक फरकच आपल्याला हवा असतो. आधीच दोन्हीकडे D लिहिलं, तर तो फरकही पुसला जातो.

घाई नसेल तर बेरजेत 2D ऐवजी 2√(D² + y²) ठेवून बघा. पथांतर लगेच d sinθ होतं. म्हणजे 2D लिहिण्याच्या त्या एका फटक्यात दोन्ही अंदाजीकरणं झाली होती. पहिल्या चुकीचं मूळ बहुधा इथेच आहे.

बाकीच्या, थोडक्यात

λ/d हा कोन रेडियनमध्ये येतो. वरच्या उदाहरणात ०.००२५३, म्हणजे ०.१४५ अंश. sinθ ≈ θ लिहिताना रेडियन लागतात. sinθ ≈ tanθ ला एककाचं बंधन नाही.

d म्हणजे एका स्लिटच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर, मधली काळी पट्टी नव्हे. स्लिट ०.०४ मिमी रुंद आणि d = ०.२५ मिमी असेल, तर काळी पट्टी ०.२१ मिमीच भरते आणि λ १६ टक्के कमी येते.

बायप्रिझममध्ये D मोजायचं ते स्लिटपासून नेत्रिकेच्या क्रॉसवायरपर्यंत. बायप्रिझमपासून मोजलेलं D कमी भरतं आणि λ जास्त येते.

दहा तेजस्वी फ्रिंजमध्ये नऊच अंतरं असतात. दहाने भागलं की β आणि λ दोन्ही दहा टक्के कमी. मोजताना सुरुवात ‘शून्य’ म्हणून करावी.