साठवणीच्या मिरच्या आणि पापडांना कीड: या चुका टाळा

गेल्या सप्टेंबरात, घटस्थापनेच्या थोडं आधी, मी मिरच्यांचा डबा काढला. एप्रिलमध्ये दोन किलो ब्याडगी आणि एक किलो संकेश्वरी घेतली होती. निम्मी कांडपाला दिली आणि उरलेली फोडणीसाठी, शिवाय दिवाळीआधी ताजं तिखट करायला अख्खी ठेवली. झाकण काढलं तर तळाशी लाल भुकटीचा थर. मिरची हलवली की बिया खुळखुळायच्या ऐवजी भुगा गळत होता. जवळजवळ प्रत्येक मिरचीला टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक होतं. एक मिरची मधोमध उघडली तर आत पांढुरकी, वाकडी, बारीक केसांची अळी.

"पावसाळी हवा लागली गं. उन्हात टाक, जातील," सासूबाई म्हणाल्या.

दोन दिवस ऊन दिलं. किडे खरंच गेले. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच.

तेव्हापासून मी या किड्याच्या मागे लागले, आणि पहिली गोष्ट कळली ती ही, की मिरचीतला हा किडा पावसात तयार होत नाही. आपल्याला वाटतं त्याहून फार आधी आपण त्याला स्वतःच्या हातानं डब्यात बंद करतो. तपकिरी-लालसर, दोन-तीन मिलिमीटरचा, डोकं खाली घातल्यासारखा कुबडा भुंगेरा असतो हा. घरोघरी त्याला पोरकिडा म्हणतात. तंबाखूच्या गोदामांत हाच त्रास देतो आणि मिरची, हळद, धणे, सुंठ यांतलं काहीही त्याला चालतं. मादी पन्नास-शंभर अंडी घालते. ती इतकी बारीक असतात की मिरचीच्या सुरकुतीत दिसत नाहीत. आपल्याकडच्या उबेत अंड्यापासून किडा व्हायला साधारण दीड महिना लागतो.

माझ्याच डब्याचा हिशोब करून बघा. एप्रिलच्या मध्याला बाजारातून चार-दोन अंडी आली असतील. मेअखेर पहिले किडे बाहेर पडले. दोन-तीनच, म्हणून कुणाच्या लक्षात आले नाहीत. त्यांची पिल्लावळ जुलैच्या मध्याला आली, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला शेकड्यांनी. आपल्याला तिसरी पिढी दिसते आणि आपण पावसाला दोष देतो.

म्हणून कीड लागल्यावर ऊन देणं ही पहिली चूक. उन्हाचा चटका बसला की मोठे किडे पळतात, उडतात, कधी शेजारच्या धण्यांच्या डब्यात शिरतात. अळ्या आणि अंडी मिरचीच्या आत सावलीतच असतात. ऊन हवं ते एप्रिलमध्ये, ओल घालवायला. व्यापारी मिरची तुटू नये म्हणून कधी पाण्याचा हात मारतात, त्यामुळे विकत आणलेली मिरची कोरडी असेलच असं नाही. वाळलेली मिरची वाकवली की कडकन मोडते आणि आत बी वाजतं. ब्याडगी सुरकुतलेली आणि जरा चिवट असते, तिला एखादं ऊन जास्त द्यावं. देठं मात्र काढू नका, ती कांडपाच्या दिवशीच काढावीत. देठ तुटला की मिरचीचं तोंड उघडं पडतं.

अंडी मारायचा घरगुती, खात्रीचा उपाय म्हणजे डीप फ्रीझर. उणे अठरा अंशांवर सात दिवस. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात किडे मरत नाहीत, फक्त थांबतात. बाहेर काढलं की पुन्हा कामाला लागतात. मिरच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या जाड पिशव्यांत हवा दाबून बांधा, कारण तीन किलोच्या गठ्ठ्याच्या पोटात गारवा पोचायलाच फार वेळ लागतो. आणि इथे दुसरी मोठी चूक होते: पिशवी बाहेर काढली की लगेच उघडतात. गार मिरचीवर हवेतली वाफ बसते आणि सगळी मेहनत बुरशीला जाते. पिशवी रात्रभर तशीच बाहेर राहू द्या, पूर्ण कोमट झाल्यावरच उघडा. यंदा मी अशा सहा पिशव्या पाळीपाळीनं फ्रीझरमध्ये ठेवल्या.

उन्हातून आणलेल्या गरम मिरच्या लगेच डब्यात भरू नका, आतल्या आत घाम सुटतो. दुधाच्या पातळ पिशवीसारखं प्लास्टिक आणि कागद हा किडा सरळ पोखरतो. बरणीवर दादरा बांधून धूळ अडते, पण अंड्यातून नुकती निघालेली अळी अगदी बारीक फटीतूनही आत जाते. काचेची घट्ट फिरकीची बरणी किंवा रबराच्या कडीचा डबा हवा. आणि गेल्या वर्षीच्या मसाल्यावर नवा मसाला ओतणं सोडून द्या, ही चूक मी वर्षानुवर्षं केली. तळाच्या कोपऱ्यात चिकटलेलं जुनं तिखट म्हणजे किड्यांचं माहेर. डबा धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून मगच भरा.

हिंगाचा खडा, तमालपत्र, लवंगा घालून ठेवायला हरकत नाही, वासानं थोडा अटकाव होत असेल. पण आत असलेली अंडी त्यानं मरत नाहीत.

पापडांचं दुखणं जरा वेगळं. उडदाच्या पापडात मीठ आणि पापडखार असतो. दोन्ही हवेतला ओलावा ओढतात, म्हणून पावसाळ्यात पापड लवकर सादळतो. पोरकिडा पापडालाही लागतो, आणि तो ओळखायची खूण सोपी आहे: पापड खिडकीच्या उजेडाकडे धरा. आरपार भोकं दिसतील, आणि चवडीतले लागोपाठचे पाच-सहा पापड एकावर एक ठेवले तर भोकं एकाच रेषेत येतील. अळी चवडीतून बोगदा काढत गेलेली असते. असे पापड तळून खायचा मोह आवरा, आतली विष्ठा तशीच राहते.

लाटताना लावलेली पिठी पापडावर राहिली तर तिथे दुसरी कीड येते, कोळी कीड. ही मात्र खरोखर पावसाळ्याची. आठ पायांची आणि इतकी बारीक, की हलणारी धूळच वाटते. पिठं, धणे-जिऱ्याची पूड, सादळलेला मसाला तिला आवडतो. शंका आली तर चमचाभर पूड काळ्या कागदावर ठेवून तिचा गुळगुळीत, टोकदार ढीग करा आणि पंखा बंद करून पंधरा मिनिटांनी बघा. टोक ढासळलं, ढिगावर ओरखडे उठले, तर आत कोळी आहेत. अशी पूड टाकूनच द्या. काहींना तिच्यामुळे जोरदार अ‍ॅलर्जी होते, दमेकऱ्यांनी तर जराही जोखीम घेऊ नये. कोरड्या हवेत ही कीड तग धरत नाही. त्यामुळे पापड बांधण्याआधी कोरड्या फडक्यानं पिठी झटका, पूर्ण वाळवा, शंभर-शंभराच्या बंद पिशव्या करा आणि एका वेळी एकच उघडा. उकळत्या भांड्यावर बरणी धरून तिखट टाकू नका. वाफेचा ओलावा बरणीत जातो आणि गुठळ्या तिथूनच सुरू होतात.

धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या किंवा पारद टिकड्या मसाल्याजवळ आणूच नका. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून निघणारा वायू बंद घरात माणसं मारतो.

किडलेल्या मिरच्या टाकतानाही घाई नको. माझ्या त्या मिरच्या मी आधी पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवल्या आणि मगच कचऱ्यात दिल्या. उघड्या टाकल्या असत्या तर किडे संध्याकाळपर्यंत परत स्वयंपाकघरात आले असते. फडताळाच्या फटी व्हॅक्यूम क्लीनरच्या बारीक नळीनं झाडून घेतल्या, तेव्हा खिळ्याच्या भोकात अडकलेल्या चिमूटभर धण्यांतही दोन जिवंत अळ्या निघाल्या.