माल निघण्यापूर्वीची त्रयस्थ तपासणी: ऑर्डर लिहिताना या चुका टाळा

समजा, मुंबईतील एका व्यापाऱ्याने चीनच्या फुजियान प्रांतातील कारखान्याकडे 3,000 शालेय सॅक मागवल्या आणि ऑर्डरमध्ये ‘एक्यूएल 2.5 नुसार तपासणी’ एवढेच लिहिले. एक्यूएल म्हणजे सदोष नगांची स्वीकारार्ह मानलेली टक्केवारी, पण या ओळीवरून किती नग तपासायचे हेच ठरत नाही. नमुना-तपासणीच्या आयएसओ 2859-1 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या एकेरी, सामान्य तपासणीच्या योजनेत एवढ्या लॉटमधून सर्वसाधारण पातळी 2 नुसार 125 नग काढावे लागतात, तर पातळी 1 नुसार केवळ 50. पातळी लिहिलेली नसेल तर मानक स्वतःच पातळी 2 धरते. मात्र मानकाचा क्रमांकच ऑर्डरमध्ये नसेल तर त्याचा आधार घेता येत नाही.

दुसरा गैरसमज, 2.5 म्हणजे अडीच टक्क्यांहून अधिक दोष चालणार नाहीत, असा. 125 च्या नमुन्यात एक्यूएल 2.5 ला 7 सदोष नगांपर्यंत लॉट स्वीकारला जातो आणि 8 व्या नगाला नाकारला जातो. म्हणजे नमुन्यात साडेपाच टक्क्यांहून अधिक नग सदोष निघूनही लॉट पास होऊ शकतो, आणि हे ज्याला परवडत नाही त्याने ऑर्डर देतानाच 1.5 मागावे.

दोष कोणता गंभीर आणि कोणता किरकोळ, हे न लिहिणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पट्ट्याची शिलाई उसवणे किंवा चेन अडकणे हे मोठे दोष, लोंबणारा धागा किरकोळ, आणि अस्तरात राहिलेले सुईचे टोक अतिगंभीर, म्हणजे एकही चालणार नाही, अशी यादी दोघांनी सही केलेल्या मंजूर नमुन्यासह निरीक्षकाकडे गेली पाहिजे. यादी नसेल तर निरीक्षक आपल्या संस्थेची सर्वसाधारण यादी वापरतो, आणि तुम्हाला मोठा वाटणारा दोष तिथे किरकोळ ठरू शकतो.

तपासणीचा दिवस संपूर्ण उत्पादन झाल्यावर आणि किमान 80 टक्के माल खोक्यांत भरल्यावरचा असावा, आणि खोकी निरीक्षकाने स्वतः निवडावीत. कारखान्याने आधीच बाजूला काढून ठेवलेल्या खोक्यांवरून लॉटविषयी काहीच सिद्ध होत नाही.

पैशांच्या अटीत ‘30 टक्के आगाऊ, उरलेले 70 टक्के तपासणीनंतर’ असे लिहिले, तर तपासणीत माल नापास झाला तरी ती ‘झाली’ म्हणून पुरवठादार पैसे मागू शकतो. त्याऐवजी ‘अहवालाचा निकाल पास असल्यास व खरेदीदाराने लेखी मंजुरी दिल्यावर, माल निघण्यापूर्वी’ असे लिहावे. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद मिळाल्यावर पैसे देण्याची बँकेची हमी, असेल तर आणखी जपावे, कारण बँक माल पाहत नाही, फक्त कागद पाहते. प्रमाणपत्र कोणी द्यायचे आणि त्यात कोणता निकाल हवा हे लिहिले नसेल, तर लेटर ऑफ क्रेडिटच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या, म्हणजे यूसीपी 600 च्या, कलम 14 नुसार तपासणी प्रमाणपत्राचे काम करणारा कोणाचाही कागद बँक स्वीकारू शकते, अगदी पुरवठादाराने स्वतः दिलेलासुद्धा.

लॉट नापास झाल्यास पुरवठादाराने सर्व 3,000 नग निवडून दुरुस्त करावेत, फेरतपासणीचा खर्च त्याने सोसावा आणि त्यामुळे झालेला उशीर त्याच्या मुदतीत धरावा, हेही आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वीच ऑर्डरमध्ये आले पाहिजे.