सक्युलंटचं गळालेलं पान: रुजतं कुठलं, कुजतं कुठलं

नर्सरीतून घोस्ट प्लांटची कुंडी घरी आणायची म्हणजे रिक्षातच पाच-सहा पानं पिशवीत गळून पडणार. राखाडी-जांभळट, जाड पानांचं हे झाड आहेच तसं हळवं, जरा बोट लागलं की पान सुटलंच. याचं शास्त्रीय नाव ग्रॅप्टोपेटॅलम पॅराग्वेयेन्स. नावात पॅराग्वे असलं तरी झाड मूळचं मेक्सिकोचं, नाव देणाऱ्यांची गफलत तशीच राहून गेली. पानापासून रोप करायला शिकायचं असेल तर याच झाडापासून सुरुवात करा. एचेव्हेरिया, जेड, सेडम यांनाही हीच पद्धत चालते, फक्त काहींना थोडा जास्त वेळ लागतो.

मी पहिल्यांदा हा उद्योग जुलैत केला. चोवीस पानं मातीवर मांडली आणि रोज इमानेइतबारे पाण्याचा फवारा मारला. दहा दिवसांत एकवीस पानांचा चिखल झाला. नोव्हेंबरात त्याच झाडाची वीस पानं पुन्हा लावली. या वेळी पहिले अडीच आठवडे पाण्याचा थेंबही दिला नाही, आणि सोळा रुजली.

आधी पान का गळलं ते बघा

पान हातात घेतलं की पहिला प्रश्न हा. धक्का लागून गळलेलं पान टणक असतं, दाबलं तर दबत नाही, देठाकडचं टोक फिकट आणि कोरडं दिसतं. हे पान उत्तम.

झाडाच्या अगदी तळाशी असलेलं जुनं पान आपोआप सुकून पडतं. ते पातळ, सुरकुतलेलं, कागदासारखं असतं. त्यातलं पाणी आणि साखर झाडाने पडण्याआधीच काढून घेतलेली असते. ते लावून काही उगवत नाही, कचऱ्यात टाका.

तिसरं पान सगळ्यात फसवं. कुंडीत पाणी जास्त झालं की पानं पिवळट, अर्धपारदर्शक होऊन टपाटप गळू लागतात. दिसायला ती चांगली फुगीर, अगदी टपोऱ्या द्राक्षासारखी असतात, त्यामुळे आपण आनंदाने गोळा करतो. पण उजेडासमोर धरा. आतून पाणी भरल्यासारखं, ओलसर चमकदार दिसलं तर आतल्या पेशी फुटलेल्या आहेत, आणि बहुतेक वेळा खोडातली कूज देठापर्यंत पोचलेली असते. असं पान कितीही जपा, ते कुजणारच. खोड काळं पडलेल्या झाडाला वाचवायचं असेल तर वरचा निरोगी शेंडा कापून घ्या, खालच्या पानांच्या मागे लागू नका.

देठाशी असलेला डोळा

लहानपणी पानफुटीचं पान वहीत ठेवलेलं आठवत असेल. आठवड्याभरात पानाच्या कडेला, प्रत्येक खाचेशी इवलं रोप दिसायचं. पानफुटीत कोंब फुटायची जागा कडेला असते, म्हणून पान मधून फाटलं तरी बिघडत नाही. घोस्ट प्लांट किंवा एचेव्हेरियात तसं नाही. नवं रोप देऊ शकणाऱ्या पेशी पानाच्या अगदी बुडाशी, खोडाला पान चिकटलेलं असतं तिथेच असतात. ती जागा झाडावरच राहिली तर उरलेलं पान म्हणजे नुसती पाण्याची पिशवी. काही वेळा त्याला मुळं येतात, पान महिनोन्‌महिने हिरवंगार राहतं, पण कोंब कधीच येत नाही.

म्हणून पान मुद्दाम काढायचं असेल तर खाली ओढू नका आणि कात्री लावू नका. चिमटीत बुडाशी धरा, हळूच डावीकडे-उजवीकडे हलवा. सुटताना हलकासा 'टक' जाणवतो. बुडाकडे बघा: टोक पूर्ण, गोलसर असेल तर जमलं. एका बाजूने सालटं फाटलं असेल किंवा आतला हिरवा गर उघडा दिसत असेल तर ते पान वेगळं ठेवा. तेही कधी कधी रुजतं, पण त्याच्यावर फार भरवसा नको.

खपली धरू द्या

आता सगळ्यात सोपी आणि सगळ्यांना सगळ्यात अवघड जाणारी पायरी: काही न करणं. पानं वर्तमानपत्रावर पसरा, सावलीत ठेवा, वारा लागू द्या. तीन-चार दिवस पुरतात, जाड पानांना आठवडा द्या. आपल्या गुडघ्याला खरचटल्यावर खपली धरते तसंच इथेही होतं. उघड्या पेशी सुकतात आणि त्यांच्याखाली पाणी आत-बाहेर जाऊ न देणारा थर तयार होतो. बुडाला बोट लावलं तर कोरडं, किंचित खरखरीत लागायला हवं.

कुजण्याचं कारण इथेच आहे. मातीत, हवेत बुरशीचे आणि जिवाणूंचे कण कायम असतात. अखंड कातडीतून त्यांना सहसा आत शिरता येत नाही, पण ओल्या जखमेतून येतं. आणि आत काय, तर पाणी आणि साखरेने गच्च भरलेलं कोठार. एकदा शिरकाव झाला की दोन-तीन दिवसांत पान संपतं. खपली धरायच्या आत पाणी दिलं तर आपण त्यांना दार उघडून देतो.

मग पान पाण्याशिवाय जगतं कसं? ही झाडं दिवसा पर्णछिद्रं बंद ठेवतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात. त्यामुळे पाणी फारच कमी उडतं. सुटं पानही हे करत राहतं आणि आपल्या साठ्यावर कित्येक आठवडे काढतं. मुळंच नसलेल्या पानाला बुडाशी पाणी द्यायची घाई करून काही साधत नाही.

मांडणी

उथळ ट्रे किंवा मिठाईचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाला भोकं पाडा. त्यात दीड-दोन इंच मिश्रण भरा. माझं मिश्रण असं: दोन भाग जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा, एक भाग कोकोपीट. वाळू चाळून त्यातली धूळ काढून टाका, नाहीतर तीच सिमेंटसारखी घट्ट बसते. नर्सरीची लाल किंवा काळी माती इथे नको, ती ओल धरून ठेवते.

पानं वर नुसती आडवी ठेवा, खुपसू नका. पोकळ बाजू वर, बुड मिश्रणाला जेमतेम टेकलेलं. दोन पानांत अंगठ्याएवढं अंतर सोडा, म्हणजे एक कुजलं तरी शेजारचं वाचतं. जागा पूर्वेच्या खिडकीत, सकाळचं कोवळं ऊन आणि मग उजेडी सावली. दुपारच्या उन्हात पान शिजतं. मुळांची पावडर वगैरे लागत नाही, मुळं फुटायला लागणारं संप्रेरक पान स्वतःच तयार करून बुडाकडे पाठवतं.

आणि महिना ऑक्टोबर ते फेब्रुवारी. महाराष्ट्रात पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की खपली नीट सुकतच नाही. माझ्या जुलैच्या फजितीत फवाऱ्याइतकाच हाही दोष होता. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर पावसात हा खटाटोप करूच नका.

पुढचे तीन महिने

नोव्हेंबरातल्या एका पानाचा हिशेब सांगते. अठराव्या दिवशी बुडाशी दोन गुलाबी धागे दिसले. घोस्ट प्लांटची मुळं कोवळी असताना अशी गुलाबीच असतात, रोग समजून घाबरू नका. त्याच दिवशी पहिल्यांदा पाणी दिलं, तेही पानावर नाही, सुई काढलेल्या सिरिंजने मुळांच्या शेजारी. नंतर मिश्रण वरून पूर्ण कोरडं झालं की, म्हणजे साधारण चार-पाच दिवसांनी एकदा. मुळं हवेत लोंबत असतील तर सुकून जातात, त्यामुळे त्यांच्यावर चिमूटभर वाळू टाकली.

सव्विसाव्या दिवशी मोहरीएवढा कोंब. दीड महिन्यात त्याचं नखाएवढं गुलाबाच्या आकाराचं रोप झालं आणि मूळ पान सुरकुतायला लागलं. इथे बरेच जण दचकतात आणि पाणी वाढवतात. सुरकुतणं आणि कुजणं यांतला फरक ओळखा. पान पोसून संपत असेल तर ते कोरडं, चामट होतं आणि रोप टवटवीत राहतं. कूज असेल तर ती बहुधा बुडाकडून येते: आधी तपकिरी-काळा डाग, मग पिकलेल्या चिक्कूसारखा मऊपणा, दाबलं तर पाणी, आणि आंबूस वास. असं पान दिसलं की आधी ते उचला, खालचं चमचाभर मिश्रणही काढा, दोन दिवस पाणी बंद.

कुजकं पान नेहमीच वाया जातं असंही नाही. रोपाला स्वतःची मुळं असतील आणि कूज अजून त्याच्यापर्यंत गेली नसेल, तर ब्लेडने पान वेगळं करा, रोप दोन दिवस सुकवा आणि पुन्हा ठेवा.

मूळ पान स्वतःहून कागदासारखं होऊन सुटेपर्यंत ओढून काढायचं नाही. माझ्या त्या पानाला नव्वद दिवस लागले. तोवर त्याच्या पोटातलं सगळं रोपाने वापरून घेतलं होतं. मग तीन इंची कुंडीत हलवलं आणि चार दिवस पाणी दिलं नाही, कारण हलवताना तुटलेल्या मुळांनाही खपली धरावी लागते.

पांढऱ्या कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. नव्या कोंबाच्या बेचक्यात तो हमखास लपतो. कानातल्या काडीला थोडं स्पिरिट लावून पुसून घ्या, आणि तो ट्रे बाकीच्यांपासून लांब ठेवा.

सगळ्या सक्युलंटना हे लागू नाही. एओनियमच्या पानाला कोंब जवळजवळ येतच नाही, त्याचा शेंडाच लावावा लागतो. मोत्यांच्या माळेसारखी स्ट्रिंग ऑफ पर्ल्स तुटल्या मण्यापेक्षा वेलीच्या तुकड्यातून कितीतरी सोपी जाते. आणि पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची महागडी एचेव्हेरिया पानातून केली तर पट्टे उतरतीलच असं नाही, रोप बऱ्याचदा साधं हिरवं निघतं. मला ते कळलं तेव्हा सहा महिने गेले होते.