फ्रेंच निकालात ‘पाचवा’ आणि ‘एक पंचमांश’ कसे ओळखावेत

फ्रेंचमध्ये ‘सँकियेम’ या एकाच शब्दाचे पाचवा आणि एक पंचमांश असे दोन्ही अर्थ होत असल्याने परीक्षेच्या निकालाचा तपशील वाचताना गफलत होते.

१. शब्दाच्या आधी ‘अं’ आणि नंतर ‘दे काँदिदा’ (उमेदवारांपैकी) असे आल्यास तो अपूर्णांक, म्हणजे २० टक्के, समजावा. ‘ला सँकियेम काँदिदात’ मात्र पाचव्या क्रमांकाची उमेदवार होय.

२. आधी दोन, तीन अशी संख्या आल्यास गुणावे: ‘त्र्वा सँकियेम’ म्हणजे तीन पंचमांश, अर्थात ६० टक्के, ‘स्वासाँत पूर साँ’.

एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश यांना ‘तियेर’ व ‘कार’ असे स्वतंत्र शब्द असल्याने तेथे हा गोंधळ होत नाही. सावधगिरी एवढीच, की ‘ल सँकियेम दे काँदिदा’ दोन्ही अर्थांनी येऊ शकते, म्हणून तेथे पुढचे वाक्य वाचूनच ठरवावे.