पोरगं शी दाबून धरत असेल तर आधी डायपर परत द्या

अडीच-तीन वर्षांचं लेकरू सोफ्याच्या मागे जातं, काठ घट्ट पकडतं, चवड्यावर उभं राहतं, पाय एकमेकांत अडकवतं आणि तोंड लालबुंद होतं. घरचे म्हणतात बिचारं किती जोर लावते पण होतच नाही. खरं तर बहुतेक वेळा उलटं चाललेलं असतं, ते जोर लावत नसतं तर आलेली शी ढुंगण आवळून मागे ढकलत असतं. शी करायला जोर लावणारं मूल साधारण खाली बसतं, गुडघे वाकवतं. ताठ उभं राहून थरथरणारं मूल रोखतं आहे असं समजा.

कारण बहुतेक वेळा एकच, कधीतरी कडक शी झाली आणि दुखलं. ताप येऊन गेला, दूध जास्त झालं, किंवा आपल्या नागपूरचा मे महिना, पारा ४५ ला टेकलेला आणि पोरगं दिवसभर कूलरसमोर खेळते पण पाणी मागत नाही. दुखलं की पुढच्या वेळी ते रोखणार, आणि रोखलेली शी आत जितका वेळ राहते तितकं आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं, मग ती अजून कडक आणि मोठी होते, अजून दुखते. त्यातच आपण पॉटी ट्रेनिंग सुरू केलं असेल तर झालंच, दुखणं आणि पॉटी दोन्ही त्याच्या डोक्यात एकत्र बसतात.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे बरं का. आधी शी मऊ करायची, मग भीती घालवायची, आणि पॉटी सगळ्यात शेवटी. बरेच जण नेमकं उलटं करतात.

पहिलं काम, पॉटी ट्रेनिंग सरळ बंद करा आणि डायपर परत द्या. शेजारच्या काकू म्हणतील, एवढं मोठं झालं अन अजून डायपर काहून? म्हणू द्या. शी आतड्यात साठण्यापेक्षा डायपरमध्ये झालेली केव्हाही बरी.

दुसरं, बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन शी मऊ करायचं औषध घ्या. सहसा पीईजी पावडर किंवा लॅक्टुलोज सिरप देतात. हे आतड्याला जोर लावायला भाग पाडत नाही, फक्त शीमध्ये पाणी धरून ठेवतं, त्यामुळे याची सवय लागेल ही भीती नको. डोस वजनावर असतो म्हणून तो डॉक्टरांनीच ठरवायचा. आपलं लक्ष्य एवढंच की रोज एकदा शिऱ्यासारखी मऊ शी व्हावी. खूप दिवसांचा खडा आत अडकला असेल तर आधी काही दिवस जास्त डोस देऊन पोट साफ करावं लागतं, तेही डॉक्टर पोट तपासून सांगतात. आणि कृपा करून साबणाची कांडी, एरंडेल लावलेला पानाचा देठ हे प्रकार करू नका. मागून काहीही घालणं म्हणजे ज्या जागेची भीती बसली आहे तिथेच पुन्हा हात लावणं.

इथे एक मोठा घोळ होतो. चार-पाच दिवस शी नाही आणि मग चड्डीला दिवसातून अनेकदा पातळ डाग लागायला लागतात. आई म्हणते जुलाब लागले, औषध बंद. खरं म्हणजे आत खडा तसाच असतो आणि त्याच्या बाजूनं पातळ शी झिरपत असते, मुलाला ते कळतही नाही. अशा वेळी मनानं औषध बंद करायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा. रागवायचं तर अजिबातच नाही, ते मुद्दाम केलेलं नसतं.

खाण्यात दुधाकडे आधी बघा. एक उदाहरण सांगते. मानेवाड्यातल्या एका पावणेतीन वर्षांच्या पोराचं दिवसाला चार बाटल्या दूध चालू होतं, जवळपास ८०० मिली, मग पोळीभाजीला पोटात जागाच नाही. ते सकाळ-संध्याकाळ एकेक कप, म्हणजे मिळून ४०० मिलीच्या आसपास आणलं आणि बाटलीही सोडवली. संत्र्याचा रस न देता फोडी पापुद्र्यासकट, पपई, पेरू, रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका, वरणात भाजी. इसबगोल मात्र लहान पोरांना मनानं देऊ नका, आत खडा असताना आणि पाणी कमी पीत असताना त्यानं गच्च होतं. नुसत्या फळांनी हे सुटेल असंही नाही, रोखायची सवय लागली की औषध लागतंच.

याच पोराची भीती घालवायला आईनं पायऱ्या केल्या. शी मऊ होऊन दोनेक आठवडे दुखलं नाही तेव्हा सुरुवात केली, त्याआधी नाही. आधी डायपरमध्ये, पण सोफ्यामागे नाही तर बाथरूममध्ये उभं राहून. ते जमलं की डायपर घालूनच पॉटीवर बसायचं, झाकण बंद. मग झाकण उघडं, डायपर तसंच. मग आईनं डायपरला मधोमध भोक पाडलं, म्हणजे कमरेला ओळखीचं डायपर आहे पण शी खाली पडते. पहिल्या दिवशी त्यानं ते भोक बोट घालून नीट तपासलं आणि उठून गेला, आई काही बोलली नाही. प्रत्येक पायरीवर काही दिवस, आणि पुन्हा रोखायला लागला की एक पायरी मागे.

बसवायची वेळ जेवणानंतर १५ ते ३० मिनिटांनी, कारण पोटात अन्न गेलं की आतडं आपोआप हालचाल करतं. पाच मिनिटांच्या वर बसवू नका. मोठ्या कमोडवर पाय लटकत असतील तर शी नीट होत नाही, त्यामुळे वर लहान सीट लावा आणि पायाखाली उंच पाट किंवा स्टूल द्या, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर यायला हवे. साबणाचे फुगे किंवा पिपाणी फुंकायला द्या, फुंकताना पोटावर दाब येतो पण ढुंगण आवळलं जात नाही. स्टिकर द्यायचं तर बसल्याबद्दल द्या, शी झाल्याबद्दल नाही. आणि फ्लशच्या आवाजाला भीत असेल तर ते बाहेर गेल्यावर फ्लश करा. दर दहा मिनिटांनी "आली का रे बाप्पा?" विचारणं आजीनं पण बंद करायचं, आणि "छी, घाण" हे शब्दही.

काही गोष्टींत थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. पोट फुगून उलट्या होणं, तापासोबत पोट दुखणं, वजन न वाढणं, पायात कमजोरी, किंवा जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तासांनंतर झाली होती असं असेल तर. कडक शीला वरून लाल रक्ताची रेघ दिसली तर बहुधा चीर पडलेली असते, तेही डॉक्टरांना सांगा, जास्त रक्त असेल तर त्याच दिवशी जा.

पॉटीवर व्हायला लागलं की घरात पेढे वाटल्यासारखं होतं आणि औषध त्याच दिवशी सुटतं, मग महिन्याभरात सगळं पुन्हा पहिल्यापासून. ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला वेळ लागतो, तोवर मुलाला शी आल्याचं नीट कळतच नाही. निदान दोन महिने औषध, त्यातही सगळं सुरळीत झाल्यावर किमान एक महिना, आणि मग डॉक्टर सांगतील तसं हळूहळू कमी. मानेवाड्याचं पोरगं दिवाळीत वर्ध्याला मामाकडे गेलं तर तिथल्या संडासात बसायलाच तयार नाही, दोन दिवस पुन्हा सोफ्यामागे. आईनं बॅगेतून डायपर काढून लावलं, त्यात झाली, नागपूरला परत आल्यावर पॉटी चालू. म्हणून लग्न-प्रवासाला निघताना पावडर आणि दोन-चार डायपर बॅगेत टाकाच.