पात्रांची रेखाटने तुलनेला ठेवताना या चुका टाळा

ऐरोलीच्या खाडीकाठी घडणाऱ्या एका चित्रकथेसाठी आमच्यासमोर दोन चित्रकारांची रेखाटने होती. कथेची नायिका रोहित पक्षीण आणि तिचा मित्र बगळा, म्हणजे दोघांचेही पाय लांब आणि मानही लांब. पहिला संच मोठ्या कागदावर रंगवलेला होता, तर दुसरा केवळ पेन्सिलीचा, आणि आम्ही दोन्ही जसेच्या तसे शेजारी मांडले, ही पहिली चूक. अशा मांडणीत पात्राआधी रंगच डोळ्यांत भरतो. दोन्ही संचांच्या एकाच आकाराच्या कृष्णधवल झेरॉक्स प्रती काढल्यावरच तुलना सुरू करावी.

नंतर आम्ही त्या प्रतींवरील आकृत्या काळ्या मार्करने पूर्ण भरल्या. बगळ्याची टोपी सोडली, तर पहिल्या संचातला रोहित कोणता आणि बगळा कोणता, हे मोठ्यांनाही सांगता येईना, कारण त्यांच्यातला उरलेला फरक फक्त गुलाबी आणि पांढऱ्या रंगाचा होता. आणि कथेचा शेवट तर सूर्यास्ताच्या केशरी उजेडात होतो, जिथे सगळेच एका रंगात न्हाऊन निघते. दुसऱ्या संचात मात्र रोहितची मध्येच खाली वाकलेली चोच आणि बगळ्याची सरळ, टोकदार चोच काळ्या आकृतीतही स्पष्ट दिसत होती.

भाव केवळ चेहऱ्यावर शोधणे ही दुसरी चूक. पहिल्या चित्रकाराने पक्ष्यांना भुवया आणि हसरी चोच दिली होती. मोठ्या कागदावर ते गोड दिसे, पण छापील पानावर पक्ष्याची उंची जेमतेम ३ सेंटिमीटर राहणार होती, आणि तेवढ्यात भुवई उरत नाही. म्हणून रेखाटन छपाईच्या आकारात आणून चेहऱ्यावर कागदाची पट्टी ठेवावी आणि उरलेल्या शरीरावरून भाव ओळखता येतो का, ते पाहावे. या कसोटीवर दुसरा संचही पुरता उतरला नाही, कारण त्यातला राग आणि भीती सारखीच दिसत होती. रागात मान पुढे ताणलेली आणि भीतीत आत ओढलेली, असा बदल केल्यावर तो दोष गेला.

मुलांना ‘कोणते चित्र आवडले?’ असे विचारणे मला सर्वांत घातक वाटते, कारण त्यातून आवड कळते, ओळख नव्हे. चार-पाच वर्षांच्या मुलाला एकट्याने बसवावे (गटात पहिल्या मुलाचे उत्तरच सगळे देतात), एक रेखाटन दाखवून बाजूला ठेवावे आणि मग त्याच पात्राचे वेगळ्या पवित्र्यातील चित्र इतर पाच पक्ष्यांमध्ये शोधायला सांगावे. चुकलेले बोट कोणत्या पक्ष्यावर पडले, तेही टिपून घ्यावे. आमच्याकडे एका मुलीने पहिल्या संचाच्या पानावर बोट फिरवत विचारले, “टोपीवाला कुठे गेला?” बगळ्याची ओळख त्याच्या टोपीपुरतीच होती, आणि कथेत ती टोपी चौथ्या पानावर वाऱ्याने उडून जाते. शेवटी आम्ही दुसरा संच निवडला आणि त्यातील बगळ्याच्या डोक्यामागे टोपीखालूनही दिसेल असा लांब तुरा काढून घेतला.