परदेशी दंडाच्या नोटिशीचा फोटो वाचताना या चुका टाळा

इटलीत भाड्याची गाडी चालवून आलेल्या माणसाच्या घरी काही महिन्यांनी एक पाकीट येतं. आत इटालियन भाषेतली नोटीस असते. तिचा फोटो काढून भाषा येणाऱ्या कुणाला तरी पाठवला जातो किंवा फोनवरच्या भाषांतराच्या ॲपला दाखवला जातो. शब्दांचा अर्थ बहुतेक वेळा बरोबर लागतो. घोटाळा होतो तो तारखा आणि रकमांचा.

पहिली चूक फोटोतच होते. वरच्या पानावर गाडीचा नंबर, जागा आणि मोठ्या अक्षरांतली रक्कम दिसते, म्हणून तेवढाच फोटो पाठवला जातो. पण पैसे कसे भरायचे, दाद कुठे मागायची आणि किती दिवसांत, हा मजकूर बहुधा मागच्या बाजूला किंवा दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत असतो. प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजू, पाकीट आणि टपालाची पोचपावती यांचे सपाट, सावली न पडलेले फोटो घ्या. नोटिशीचा क्रमांक आणि खातेक्रमांक फोटोवरून न घेता कागदावरून आकडा-आकडा ताडून पाहा.

समजा नोटिशीत 07/10 ही तारीख, ‘झेड टी एल’ ही अक्षरं आणि 83,00 ही रक्कम आहे. तारीख 7 ऑक्टोबरची आहे, 10 जुलैची नव्हे, कारण तिथे दिवस आधी लिहितात. रकमेतला स्वल्पविराम म्हणजे आपला दशांश बिंदू, म्हणजे 83 युरो. झेड टी एल म्हणजे शहराच्या जुन्या भागातला मर्यादित वाहतुकीचा पट्टा. परवाना नसलेली गाडी आत शिरली की कॅमेरा तिच्या नंबरप्लेटचा फोटो घेतो. अनेक भाषांतरांत याचं ‘वाहतूक बंद’ असं काहीतरी होतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, रस्ता तर उघडाच होता! रस्ता उघडाच असतो, पण ठरावीक वेळेत परवान्याशिवाय आत जाणं हाच गुन्हा आहे.

मुदतीची चूक सर्वांत महाग पडते. नोटिशीत किमान तीन तारखा असू शकतात: गुन्ह्याची, नोटीस तयार झाल्याची आणि ती तुम्हाला मिळाल्याची. मुदत मोजायची ती ‘नोतिफिका’पासून, म्हणजे नोटीस रीतसर हाती पडल्याच्या दिवसापासून, आणि तो दिवस मोजायचा नाही. नोटीस 10 मार्चला मिळाली, तर पाच दिवस 15 मार्चला संपतात आणि साठ दिवस 9 मेला. पाच दिवसांत भरल्यास 30 टक्के सूट, म्हणजे 83 ऐवजी 58,10. साठ दिवसांपर्यंत 83. त्यानंतर कमाल दंडाच्या निम्मी रक्कम लागते. इथे कमाल 332 असल्यामुळे ती 166 होते. टपाल-नोंदणीचा खर्च या प्रत्येक रकमेत वेगळा मिळवायचा.

इथे ‘मिझुरा रिदोत्ता’ हे शब्द हमखास चकवतात. ॲप त्याचं ‘कमी केलेली रक्कम’ असं भाषांतर करतं आणि माणूस समजतो, हीच ती सूट. प्रत्यक्षात ही साठ दिवसांतली किमान रक्कम असते. 30 टक्क्यांची सवलत तिच्यावर पुन्हा वेगळी असते.

भाड्याच्या कंपनीने कार्डावरून आधीच पैसे कापले असतील, तर तो बहुतेकदा तुमची माहिती पोलिसांना कळवण्याचा खर्च असतो, दंड नव्हे. दोन्ही एकच समजून दंड भरायचाच राहून जातो, असं फार वेळा घडतं.

दाद मागायचे दोन रस्ते आहेत. एक प्रीफेक्टकडे, म्हणजे त्या प्रांतातल्या सरकारी प्रतिनिधीकडे, साठ दिवसांत, शुल्काशिवाय. तिथे अर्ज फेटाळला गेला, तर रक्कम किमान दंडाच्या दुपटीपेक्षा कमी नसते. दुसरा न्यायाधीशाकडे, ‘जुदिचे दि पाचे’. तिथे कोर्ट फी लागते. नोटिशीत यासाठी 30 दिवस छापलेले असतात. परदेशी राहणाऱ्यांना कायदा 60 दिवस देतो, तरी मी 30 च पाळायला सांगेन. दोन्हीपैकी एकच निवडता येतो. आणि दंड भरला की दाद मागण्याचा हक्क गेला. त्यामुळे सवलतीच्या मोहाने पाच दिवसांत पैसे भरण्याआधी हरकत घ्यायची की नाही, हे ठरवा.

‘नोटीस 90 दिवसांनंतर आली, म्हणून ती रद्द’ ही हरकत या उदाहरणात टिकत नाही. 7 ऑक्टोबर ते 10 मार्च म्हणजे 154 दिवस झाले हे खरं, पण 90 दिवसांची मर्यादा इटलीत राहणाऱ्यांसाठी आहे. परदेशात राहणाऱ्यांसाठी ती 360 दिवसांची आहे. उलट नंबरप्लेट चुकीची वाचली गेली असेल, तुमची गाडी त्या वेळी दुसरीकडे असल्याची पावती असेल किंवा हॉटेलने तुमच्या गाडीचा प्रवेश नोंदवला असेल, तर त्या कागदांसह लिहा.

भाषांतर करून देणाऱ्याने मूळ ओळ आणि तिच्याखाली अर्थ असं लिहून द्यावं. अस्पष्ट आकडा अंदाजाने भरू नये. ‘वाचता येत नाही’ असं लिहून नवा फोटो मागवावा.